डीलरशिपचा ई-मेल

आपल्याला शाळेत इंग्रजी पत्रलेखन म्हणून मुख्यतः रजेचा अर्ज शिकविला जातो. त्यामुळे तालुक्याच्या गावचा व्यापारी शहरातील वितरकाला इंग्रजीत लिहू लागला की 'आय हम्बली रिक्वेस्ट' अशी सुरुवात करून नकळत अर्जदार बनतो. वास्तविक तो माल विकून देणारा माणूस असतो. त्याच्या पत्राला प्रस्ताव म्हणावे, विनंती नव्हे.

माझे मामा शेतीचे पाईप व जोडणीचे सामान विकतात. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. म्हणून वितरकाला पाठवायचा ई-मेल लिहिणे माझ्याकडे आले.

पहिला प्रश्न एका शब्दाचा होता. मामा स्वतःला 'एजंट' म्हणवतात. पण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा. डीलर माल स्वतः विकत घेतो आणि स्वतःच्या जबाबदारीवर विकतो. न खपलेला माल कोणाच्या गळ्यात, हे या भेदावर बरेचसे ठरते. म्हणून आम्ही 'डीलर' लिहिले आणि सदोष माल परत घेण्याची अट स्वतंत्र ओळीत मागितली.

दुसरा प्रश्न उधारीचा. मामांना दरमहा दोन लाखांचा माल लागतो. शेतकऱ्यांकडून पैसे सरासरी 45 दिवसांनी येतात. वितरकाने 30 दिवसांचीच मुदत दिली तर 15 दिवसांच्या मालाचे पैसे, म्हणजे सुमारे एक लाख रुपये, मामांना कायमचे घरचे गुंतवावे लागतील. तेव्हा "जास्त उधारी द्यावी" असे मोघम न लिहिता "45 दिवसांची मुदत, त्याबदली एक लाख रुपये अनामत" असे लिहिले. मामांचा एक लाख अडकणार तो अडकणारच. पण अनामत डीलरशिप संपताना परत मागता येते, आणि वितरकालाही बुडीताची भीती कमी राहते. अनामत कधी व कशी परत मिळेल, हेही त्याच ओळीत घातले.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक. ई-मेल म्हणजे नुसती बोलणी, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली असे धरले, की ई-मेलवरून प्रस्ताव बिनशर्त स्वीकारला गेला असेल, तर औपचारिक करारपत्रावर सही झाली नसली तरी करार पूर्ण होतो. म्हणजे वितरकाने नुसते 'अॅक्सेप्टेड' कळविले तरी मामा बांधले जाऊ शकतात. म्हणून अखेरीस दोन वाक्ये घातली : हा मजकूर चर्चेसाठी आहे; लेखी करारावर दोघांच्या सह्या झाल्यावरच तो बंधनकारक होईल.

मामांना मी सारा मजकूर मराठीत समजावून सांगितला. ते म्हणाले, "हेच तर मला म्हणायचे होते!" मगच तो पाठविला.