किलोमीटर नको, चढ सांगा

ट्रेकच्या ग्रुपवर येणारा निरोप बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो: कळसूबाई, जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर, श्रेणी सोपी ते मध्यम. साडेसहा किलोमीटर म्हटल्यावर रोज सकाळी टेकडीवर जाणारा माणूस मनातल्या मनात दीड तास धरतो. मग बारी गावातून निघून पहिल्या देवळापर्यंत पोहोचतानाच त्याला दम लागतो. आकडा चुकीचा नसतो, पण डोंगरात तो फारसं काही सांगत नाही. सांगायचं ते दुसऱ्या आकड्याने, म्हणजे किती मीटर चढायचं आहे त्याने. नेमका तो निरोपात नसतो.

या दोन आकड्यांची सांगड घालायचा सगळ्यात जुना आणि अजूनही चलनात असलेला नियम स्कॉटलंडमधला आहे. विल्यम नेस्मिथ हा तिथला गिर्यारोहक. १८९२ साली त्याने स्कॉटिश माउंटेनीअरिंग क्लबच्या नियतकालिकात आपल्या एका दिवसाच्या भटकंतीचं छोटंसं टिपण दिलं. क्रियनलारिक गावाजवळची क्रूआख आर्ड्रेन, स्टॉब बिन्यन आणि बेन मोर ही तीन शिखरं त्याने एका दिवसात केली होती. चाल दहा मैल, चढ ६,३०० फूट, वेळ साडेसहा तास, मधले छोटे थांबे धरून. पुढे त्याने सहज जाता जाता लिहिलं, की हे एका साध्या हिशेबाशी तंतोतंत जुळतं: नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास.

जुळतं का ते पाहू. दहा मैलांना तीन तास वीस मिनिटं. ६,३०० फुटांना तीन तास नऊ मिनिटं. बेरीज सहा तास एकोणतीस मिनिटं.

आज मेट्रिक मापात हाच नियम असा सांगतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर दहा मीटर चढाला एक मिनिट जास्त. पाठ करायला यापेक्षा सोपं काही मिळणार नाही. यातून आणखी एक सोयीची गोष्ट निघते. सहाशे मीटर चढाला जेवढा वेळ तेवढ्यातच पाच किलोमीटर सपाट चाल होते, म्हणजे एक मीटर चढ हा सपाटीवरच्या साधारण आठ मीटरच्या तोडीचा. कोणताही डोंगर या मापाने सपाट करून बघता येतो.

नेस्मिथच्या त्या दिवसात एक मुद्दा दडलेला आहे, आणि नियम वापरताना पहिली चूक तिथेच होते. त्या तिन्हींतलं सर्वांत उंच शिखर बेन मोर. त्याची उंची ३,८५२ फूट. मग चढ ६,३०० फुटांचा कुठून आला? एका शिखरावरून दुसऱ्यावर जाताना कमावलेली उंची गमवावी लागते, आणि ती पुन्हा कमवावी लागते. स्टॉब बिन्यन आणि बेन मोर यांच्यामधली खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ८६० मीटरवर आहे, बेन मोरचा माथा ११७४ वर. म्हणजे नुसत्या शेवटच्या टप्प्यात तीनशे मीटरहून जास्त चढ नव्याने. नियमात धरायचा तो असा सगळा मिळून झालेला चढ. माथ्याच्या उंचीतून पायथ्याची उंची वजा करून येणारा आकडा नव्हे.

आपल्याकडे याचा पुरावा हवा असेल तर राजगड ते तोरणा ही डोंगरधारेवरची वाट घ्या. दोन्ही गडांच्या उंचीत फारसा फरक नाही. वजाबाकी केली तर चढ जवळजवळ शून्य येतो, आणि त्या शून्यासाठी माणसं पूर्ण दिवस धारेवर चढत-उतरत राहतात. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचं अंतर असतं, त्यामुळे पंधरा मीटरचा उंचवटा कधी कधी नकाशावर उमटतच नाही. असे दहा उंचवटे आले की दीडशे मीटर, म्हणजे पंधरा मिनिटं, हिशेबाबाहेर राहिली. मोबाइलवरची नोंद उलट बाजूने फसवू शकते. उपग्रहावरून मिळणारी उंची थरथरत असते आणि ती प्रत्येक थरथर ‘चढ’ म्हणून जमा होते. दुसऱ्याच्या नोंदीतला चढाचा आकडा उचलण्यापेक्षा नकाशावर रेषा मोजाव्यात, असं माझं मत. दहा मिनिटांचं काम आहे.

आता कळसूबाई. शिखराची उंची १६४६ मीटर. बारीकडून जाणाऱ्या नेहमीच्या वाटेचा चढ हिशेबासाठी ८५० मीटर धरू, एका बाजूचं अंतर ३.३ किलोमीटर. वाट जवळपास सलग चढाची असल्याने इथे राजगड-तोरण्यासारखा छुपा चढ फारसा नाही. अंतराची चाळीस मिनिटं, चढाची पंच्याऐंशी. एकूण दोन तास पाच मिनिटं. सपाट करून पाहायचं तर ही एकेरी वाट दहा किलोमीटर चालण्याइतकी होते. निरोपातल्या ‘साडेसहा किलोमीटर’चा खरा अर्थ हा.

पण एखादा मिश्र गट घेऊन गेलात तर दोन तास पाच मिनिटांत माथा गाठणारे मोजकेच असतील. बाकीच्यांना तीन तास किंवा जास्तच लागतील. नेस्मिथने नियम सांगितला तो बऱ्यापैकी तयारीच्या माणसासाठी आणि सोप्या वाटेसाठी, हे त्याने स्वतःच नमूद केलं होतं. नियम पुढे चालत राहिला, ती अट मात्र मागे पडली.

आल्प्समधल्या जर्मनभाषक मुलखात वेगळा हिशेब चालतो, आणि आपल्या मिश्र गटांना तो जास्त लागू पडतो. तिथे चढाला ताशी ३०० मीटर, उताराला ताशी ५०० मीटर आणि आडव्या चालीला ताशी चार किलोमीटर धरतात. मग उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, त्यातला मोठा आकडा पूर्ण घ्यायचा आणि लहान निम्मा. कारण चढतानाच माणूस पुढेही सरकत असतो. दोन्ही वेळ पूर्ण मिळवले तर तेच काम दोनदा मोजलं जातं.

कळसूबाईला ८५० मीटर चढाचे दोन तास पन्नास मिनिटं होतात. ३.३ किलोमीटरची पन्नास मिनिटं, त्यातली निम्मी पंचवीस. एकूण सव्वातीन तास. एकाच वाटेला दोन नियम सत्तर मिनिटांच्या फरकाने उत्तर देतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर चालणारा माणूस वेगळा आहे.

आपण कोणत्या हिशेबातले, हे कळायला माथ्यापर्यंत थांबायची गरज नाही. या वाटेच्या सरासरी चढाला नेस्मिथच्या चालीने दर शंभर मीटर उंचीला पंधरा मिनिटं लागतात, आल्प्सच्या चालीने तेवीस. पहिली दोनशे मीटर उंची गाठल्यावर घड्याळ बघा. अर्धा तास झाला असेल तर तुम्ही नेस्मिथची माणसं. पाऊण तास झाला असेल तर पुढचं सगळं वेळापत्रक सव्वातीन तासांचं आहे, आणि ‘पुढे वेग वाढवू’ ही आशा सोडून द्यावी. वरचा चढ खालच्यापेक्षा सोपा होत नाही, आणि पाय तर ताजे होतच नाहीत. गट असेल तर घड्याळ शेवटचा माणूस त्या उंचीला पोहोचल्यावर बघायचं. पुढे धावणाऱ्या पोराची वेळ कामाची नाही.

याशिवाय कोणत्याही नियमात न बसणारी एक गोष्ट कळसूबाईला आहे: लोखंडी शिड्या. तिथे वेग पायांवर ठरत नाही, रांगेवर ठरतो. समजा पंचवीस जणांचा गट आहे आणि एका शिडीला माणशी एक मिनिट धरलं. एक माणूस खाली उतरल्याशिवाय किंवा वर पोहोचल्याशिवाय दुसरा पाय ठेवत नसेल, तर शेवटचा पार व्हायला पंचवीस मिनिटं गेली. शनिवारी-रविवारी वरून उतरणारे समोर आले की आणखी. हा वेळ वेगळा मांडावा, चालण्याच्या वेळेत कोंबू नये. नाश्त्याचा आणि पाण्याचा थांबाही तसाच.

डिसेंबरात सूर्योदयासाठी जाणाऱ्यांनी हा हिशेब उलटा मांडून पाहावा. माथ्यावर साडेसहाला पोहोचायचं आहे. मिश्र गट म्हणून चालीचे सव्वातीन तास, शिड्या आणि थांबे मिळून पाऊण तास. म्हणजे बारीतून अडीचला पाऊल बाहेर पडायला हवं. नुसत्या नेस्मिथवर विसंबून आणि शिड्या विसरून कोणी साडेचारला निघालं, तर सूर्योदय त्यांना बहुधा शिडीच्या रांगेतूनच बघावा लागेल.

राहिली उतराई. तिच्याबद्दल नेस्मिथचा नियम काहीच बोलत नाही. त्याच्या हिशेबात उतार म्हणजे सपाटी. हे मला नेहमी खटकत आलं आहे, कारण गुडघ्यांचा अनुभव तसा नाही. पुढे एरिक लँगम्युअर या ब्रिटिश गिर्यारोहण प्रशिक्षकाने यात दुरुस्ती सुचवली. उतार पाच ते बारा अंशांचा, म्हणजे मंद असेल तर दर तीनशे मीटर उतराईला दहा मिनिटं वजा करायची. बारा अंशांपेक्षा तीव्र असेल तर तेवढीच दहा मिनिटं मिळवायची. एकाच उतारावर मंद आणि तीव्र दोन्ही तुकडे असतील तर ते वेगळे काढावे लागतात. सरासरी घेतली तर एक तुकडा दुसऱ्याला झाकून टाकतो.

कळसूबाईची वाट सरासरी चौदा अंशांच्या आसपास जाते, म्हणजे तीव्र गटात. अंतराची चाळीस मिनिटं अधिक उताराची अठ्ठावीस, मिळून एक तास आठ मिनिटं. आल्प्सच्या हिशेबाने हीच उतराई दोन तास सात मिनिटांची. टक्क्यांत पाहिलं तर इथला फरक चढाईपेक्षाही मोठा आहे. कोरड्या मुरमावर, ऑक्टोबरात वाळलेल्या गवतावर किंवा पावसात शेवाळलेल्या कातळावर लँगम्युअरच्या आकड्यावर मी अजिबात भरवसा ठेवणार नाही. दोन तास धरावेत, आणि संध्याकाळी उतरायचं असेल तर ते सूर्यास्तापासून मागे मोजावेत. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य जात असेल तर चारच्या आत माथा सोडलेला बरा, शिड्यांची रांग त्याशिवाय.

नियमित डोंगर करणारे पुढे स्वतःचा गुणक काढतात. लागलेला वेळ भागिले नेस्मिथचा वेळ. दोन तास पाच मिनिटांच्या जागी तीन तास लागले तर गुणक जवळपास दीड. हा आकडा थांबे वगळून काढायचा, आणि चार-पाच वेगवेगळ्या वाटांवरून काढायचा. तरीही तो लांबलचक दिवसाला सरळ लावता येत नाही. फिलिप ट्रँटर या स्कॉटिश गिर्यारोहकाने नेस्मिथच्या हिशेबाला जोडलेलं कोष्टक याचसाठी आहे. माणसाची तयारी किती, हे अर्ध्या मैलात हजार फूट चढायला त्याला किती मिनिटं लागतात त्यावरून ठरवायचं, आणि मग दिवस जितका लांब तितका वेळ वाढवत न्यायचा. कमी तयारीच्या माणसाच्या रकान्यात काही तासांनंतर आकडेच थांबतात, तिथे रिकामी जागा आहे. कळसूबाईवर दीड गुणक मिळाला म्हणून राजगड-तोरण्याचा दिवस दीडपटीत संपेल असं धरून शेवटची एसटी पकडायचं ठरवू नये.