पर्प्लेक्सिटी: मॉडेलचा संभ्रम मोजणारा आकडा

भाषेचे मॉडेल मजकूर वाचताना प्रत्येक टप्प्यावर पुढे काय येईल याचा अंदाज बांधते. त्या अंदाजात त्याला किती संभ्रम पडला, हे सांगणाऱ्या मापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात. फ्रेडरिक येलिनेक आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९७७ साली हे माप मांडले, ते यंत्राने बोलणे ओळखण्याचे काम किती अवघड आहे हे मोजण्यासाठी. पर्प्लेक्सिटी २० आली, तर मॉडेल प्रत्येक टप्प्यावर जणू सारख्याच शक्यतेच्या वीस पर्यायांपुढे उभे आहे, असा तिचा अर्थ. आकडा जितका लहान, तितका संभ्रम कमी.

‘मुले घरी आली’ हे वाक्य घेतले तर हिशेब स्पष्ट होतो. समजा, मॉडेलने ‘मुले’ या पहिल्या शब्दाला १०२४ मध्ये एक, त्यानंतर ‘घरी’ला २५६ मध्ये एक आणि शेवटी ‘आली’ला ६४ मध्ये एक अशी शक्यता दिली. (‘मुले घरी’ एवढे वाचल्यावर पुढचे क्रियापद ओळखणे सोपे होते, म्हणून शेवटचा आकडा लहान.) तिन्हींचा गुणाकार १,६७,७७,२१६. म्हणजे अख्ख्या वाक्याची शक्यता सुमारे पावणेदोन कोटींत एक. टप्पे तीन असल्यामुळे या संख्येचे घनमूळ काढायचे. ते २५६ येते आणि तीच या वाक्यावरची पर्प्लेक्सिटी. हाच गुणाकार बिटांत मांडला तर १०, ८ आणि ६ मिळून २४ बिट होतात. वाक्य ओळखायला मॉडेलला पडलेली ही एकूण किंमत.

अडचण ‘टप्पा’ या शब्दात आहे. मॉडेल शब्द वाचत नाही, टोकन वाचते, आणि मजकुराचे टोकनांत तुकडे कसे पाडायचे हे टोकनायझर नावाचा वेगळा भाग आधीच ठरवून ठेवतो. एखादा टोकनायझर ‘मुले’ हे एकच टोकन मानेल. दुसरा म, उकार, ल आणि मात्रा अशी चार चिन्हे सुटी करेल. तिसरा त्याहून खाली, संगणकात साठवलेल्या बाइटांपर्यंत जाईल. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे हेच वाक्य पहिल्याला ३ टोकनांचे, दुसऱ्याला दोन मोकळ्या जागा धरून १२ टोकनांचे, तर तिसऱ्याला ३२ टोकनांचे दिसते.

आता तिन्ही मॉडेलांनी या वाक्याला अगदी सारखीच, २४ बिटांची किंमत दिली असे समजू. त्यांचे भाषेचे ज्ञान या वाक्यापुरते तंतोतंत समान आहे. तरीही २४ बिट ३ टोकनांत वाटले की पर्प्लेक्सिटी २५६ येते, १२ टोकनांत वाटले की ४, आणि ३२ टोकनांत वाटले की जेमतेम १.६८. नुसते आकडे वाचणारा तिसऱ्या मॉडेलला कितीतरी पटींनी हुशार ठरवील, आणि तो निष्कर्ष साफ चुकीचा असेल.

असे होण्याचे कारण बाइटांच्या रचनेत दिसते. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी एकच असतो, आणि दुसऱ्याला फक्त दोन पर्याय असतात. शब्दात पुढचे चिन्ह देवनागरीच आहे हे कळले की पहिला बाइट ओळखायला मराठी यावी लागत नाही, आणि दुसऱ्यालाही फारसे डोके लागत नाही. खरी निवड बहुतांशी तिसऱ्या बाइटावर होते. मात्र ही सोपी टोकनेही सरासरीत मोजली जातात आणि आकडा खाली ओढतात.

यावरचा साधा उपाय म्हणजे एकूण किंमत टोकनांनी न भागता, टोकनायझरवर अवलंबून नसलेल्या एककाने भागणे. २४ बिटांना ३२ बाइटांनी भागले की तिन्ही मॉडेलांचे उत्तर ०.७५ बिट प्रति बाइट असे एकच येते. फक्त पर्प्लेक्सिटी छापलेली असली, तरी त्याच मजकुराची टोकनसंख्या माहीत असेल तर उलटा हिशेब जमतो. बारा टोकनांची पर्प्लेक्सिटी ४, शब्द तीन, म्हणजे शब्दामागे चार टोकने. चाराचा चौथा घात २५६, जी शब्दांवरची पर्प्लेक्सिटी. टोकनसंख्या दिलेलीच नसेल, तर वेगळ्या टोकनायझरच्या मॉडेलाशी तुलना करण्यात अर्थ नाही.

एक पळवाट मात्र या भागाकारानेही बंद होत नाही. जुन्या शब्दाधारित मॉडेलांत यादीबाहेरच्या प्रत्येक शब्दाच्या जागी ‘अनोळखी शब्द’ असे एकच चिन्ह घातले जाई. यादी जितकी छोटी, तितके हे चिन्ह वारंवार येणार आणि तितके ते ओळखणे सोपे. मराठीत ‘घरी’, ‘घरातून’, ‘घराकडच्या’ अशी एका शब्दाची कितीतरी रूपे होतात, त्यामुळे हा दोष इथे अधिक जाणवतो. अशा मॉडेलने मूळ मजकूर ओळखलेलाच नसतो, म्हणून त्याचा आकडा तुलनेत धरू नये.

दोन भाषांची तुलना करताना बाइटही निष्पक्ष राहत नाही. ‘मुले घरी आली’ला ३२ बाइट लागतात. त्याच अर्थाचे इंग्रजी वाक्य साधारण बावीस बाइटांत बसते, कारण रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो. बाइटामागची किंमत काढली तर मराठीची बाजू फुकट चांगली दिसते. तिथे एकाच मजकुराची दोन्ही भाषांतली रूपे घेऊन, कशानेही न भागता, एकूण बिटच समोरासमोर ठेवावे लागतात.