आजीची व्हीलचेअर: दोनदा घेतली, एकदाच वापरली

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की घरात वयस्कर माणूस पडलं तर व्हीलचेअर कुठली घ्यायची. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण या विषयात एक चूक पैसे मोजून केलेली आहे, तीच सांगतो.

आमची आजी साताऱ्याजवळच्या गावात राहते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन मिरजेला झालं. मी पुण्यात. रात्री फोनवर रेटिंग बघून स्टीलची खुर्ची मागवली. साधी घडीची, मागे मोठी चाकं, सीट अठरा इंची. खोकं उघडल्यावर आजी म्हणाली, "आरं, एवढं गाडं कशापायी आणलंस?" तिचं बरोबर होतं.

पहिला घोळ वजनाचा. ती खुर्ची 18 किलोची. पाण्याचा 20 लिटरचा जार उचलून बघा, अंदाज येईल. आजीला ढकलताना हे वजन जाणवत नाही, कारण ते चाकांवर असतं. पण तपासणीला मिरजेला जाताना खुर्ची डिकीत चढवणार कोण? आई. तिचीच कंबर दुखते. म्हणजे वजन बघायचं ते बसणाऱ्याचं नाही, उचलणाऱ्याच्या हिशोबानं. (बसणाऱ्याचं वजन खुर्चीच्या क्षमतेत बसतंय ना, हे लेबलवर बघून घ्याच.) ॲल्युमिनियमची खुर्ची साधारण 12 ते 15 किलोत येते. मागची चाकंही लहान असतील तर दहाच्या आसपास. फूटरेस्ट धरून वजन किती, हे आवर्जून विचारा.

दुसरा घोळ घडीचा. सीट मधून वर ओढली की खुर्ची आडवी मिटते, पण तिची उंची आणि मोठी चाकं तशीच राहतात. आमच्या गाडीत डिकीत सीएनजीची टाकी आहे! खुर्ची मिटली, पण बसली नाही. शेवटी मागच्या सीटवर आडवी टाकली आणि बाबा एसटीनं गेले. त्यामुळे टेप घेऊन डिकीची मोकळी जागा मोजा. पाठ अर्ध्यात दुमडणारी किंवा चाकं बटण दाबून निघणारी खुर्ची अशा गाडीत बसते.

टेप हातात आहे तोवर न्हाणीघराचं दारही मोजा. आमचं 24 इंच. मोठ्या चाकांच्या खुर्चीची बाहेरची रुंदी सीटपेक्षा सात-आठ इंचांनी जास्त असते, म्हणजे अठराची सीट साधारण 25-26 इंच. दारातच अडकली. आजी बसल्यावर कंबरेची रुंदी भरली 14 इंच. त्यात दोन इंच मोकळे धरायचे, म्हणजे तिला सोळाची सीट पुरत होती.

महिन्याभरात पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं. विक्रेता म्हणाला, खुर्ची परत पाठवा. 18 किलोचं पार्सल, तेही खोकं फेकून दिल्यावर!

मग सांगलीत एका सर्जिकल दुकानात गेलो. मालकांना किंमत नंतर विचारली, आधी म्हणालो, "याचं पुढचं सुटं चाक दाखवा." त्यांनी मागून काढून दाखवलं. ब्रेकचा दांडा, फूटरेस्टही होते. तिथेच फरशीवर रिकामी खुर्ची दहा फूट ढकलून सोडली. एका बाजूला ओढत असेल तर फ्रेम वाकडी समजा. ब्रेक लावून ढकलून बघितली. हवेचं टायर असेल तर हवा कमी झाल्यावर ब्रेक नीट पकडत नाही, म्हणून आम्ही भरीव टायर घेतलं. घडी आईलाच घालायला लावली.

शेवटी घेतली ती लहान चाकांची, सोळाच्या सीटची, दहा किलोची. आजीचे खांदे दुखतात, ती स्वतः चाक फिरवणार नव्हतीच. तोटा असा की लहान चाकं अंगणातल्या खडीत रुततात आणि उंबऱ्याला अडतात. उंबऱ्यावर आम्ही खुर्ची उलटी फिरवतो, थोडी मागे कलती करतो आणि मागची चाकं आधी ओढून घेतो. ज्यांना स्वतः फिरायचंय त्यांनी मात्र मोठ्या चाकांचीच घ्यावी.

आता आजी वॉकरवर आली आहे. कुठला वॉकर, हे फिजिओथेरपिस्टनं ठरवलं. आम्ही फक्त उंची जुळवली: चपला घालून सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचे, मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. घडीचा वॉकर उघडल्यावर दोन्ही बाजूंचा खटका ऐकू आला पाहिजे, नाहीतर भार पडताच तो मिटू शकतो. पायांखालची रबरी बुचं झिजून गुळगुळीत झाली की ओल्या फरशीवर घसरतात, म्हणून चार जादा आणून ठेवलीत.

एक राहिलंच. राज्य सरकारच्या 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये खात्यात मिळतात. अर्ज चालू आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा आणि दुकानातून पक्कं बिल घ्या.

स्टीलची खुर्ची? ती गावातल्या एका काकांना दिली. त्यांचं दार तीस इंची आहे.