पिशवी गेली, की बीजांडकोशही?

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात अनेकजणी आपल्या शस्त्रक्रियेचा इतिहास दोन शब्दांत सांगतात : ‘पिशवी काढली.’ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. बीजांडकोश ठेवले, की तेही काढले? पुष्कळदा उत्तर मिळत नाही.

नुसतं गर्भाशय काढलं, तर पाळी थांबते; पण बीजांडकोशांत इस्ट्रोजेन तयार होत राहतं. दोन्ही बीजांडकोश काढले, तर ते एक-दोन दिवसांतच कोसळतं. नैसर्गिक रजोनिवृत्तीत हा बदल काही वर्षांत होतो. इथे शरीराला तेवढी सवड नसते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऐन तरुण वयातल्या या शस्त्रक्रियांची तेव्हा राज्यभर चर्चा झाली. अशा प्रत्येक स्त्रीच्या पुढच्या प्रकृतीसाठी मात्र बीजांडकोश राहिले की गेले, हेही कळायला हवं.

घाटकोपरची एक अडतीस वर्षांची रुग्ण घ्या. अतिरक्तस्रावासाठी शस्त्रक्रिया झाली आणि चौथ्या दिवसापासून अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली, सांधे दुखू लागले. सात महिने थायरॉइडच्या तपासण्या आणि झोपेच्या गोळ्या चालल्या. डिस्चार्ज कार्डावर ‘टीएएच-बीएसओ’ लिहिलेलं होतं. यातल्या ‘बीएसओ’चा अर्थ, दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या आणि बीजांडकोश काढले. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार यांपैकी काही नाही याची खात्री करून मी इस्ट्रोजेनचं जेल सुरू केलं. गर्भाशय नसल्याने प्रोजेस्टेरॉन लागलं नाही. एंडोमेट्रिओसिस असता, तर वेगळा विचार करावा लागला असता. सहा आठवड्यांत वाफा जवळजवळ थांबल्या.

पण उपचार तेवढ्यावर संपत नाही. पंचेचाळिशीच्या आत बीजांडकोश गेले आणि इस्ट्रोजेन दिलं नाही, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अडचण नसेल, तर ते शस्त्रक्रियेनंतर लवकर सुरू करून किमान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत द्यावं. वाफा थांबल्या म्हणून ते मध्येच सोडू नये.

‘हॉर्मोन्सने कर्करोग होतो’ ही भीती मुख्यतः 2002च्या एका अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं आणि त्या दोन हॉर्मोन्स एकत्र घेत होत्या. त्याच प्रकल्पात गर्भाशय काढलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. स्वतःला तो होऊन गेलेल्या स्त्रीला मात्र सहसा हे औषध देत नाहीत. तिच्यासाठी हॉर्मोनविरहित औषधं आहेत.

तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच विचारा : माझे बीजांडकोश काढणार का, आणि कशासाठी? शस्त्रक्रिया होऊन गेली असेल, तर डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा अहवाल शोधा. काय काढलं, ते त्यात लिहिलेलं असतं.