हृदय पुन्हा मूळ आकारात आणताना

शाळा-कॉलेजांतली जुनी प्रेझेंटेशनं नव्या रुंद पडद्यावर उघडली की वर्तुळं अंड्यासारखी दिसतात, माणसांचे चेहरे फुगतात. याचं कारण साध्या गणितात आहे. पॉवरपॉइंटची जुनी स्लाइड ४:३ प्रमाणाची, म्हणजे २५.४ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच. २०१३च्या आवृत्तीपासून नवी फाइल १६:९ प्रमाणात उघडू लागली. तिची उंची तेवढीच, रुंदी मात्र जवळजवळ ३३.८७ सेंटिमीटर. २०१०पर्यंतच्या आवृत्त्यांत स्लाइडचं माप बदललं की तिच्यावरची प्रत्येक वस्तूही त्याच प्रमाणात आडवी ताणली जायची. तेव्हा रुंद करून ठेवलेल्या फाइली आजही तशाच फिरत असतात.

जीवशास्त्राच्या शिक्षकांची एक स्लाइड घ्या. मधोमध हृदयाची आकृती, भोवती बाण आणि नावं. मुळात १२ सेंटिमीटर रुंद असलेली आकृती आता १६ सेंटिमीटर झाली आहे, उंची बदललेली नाही. चित्र निवडून Size च्या चौकटीत पाहिलं, की Scale Height आणि Scale Width चे आकडे वेगवेगळे दिसतात. मूळ चित्र कुणी मुद्दाम ताणलेलं नसेल, तर हीच बिघाडाची खूण.

इथे बहुतेक जण चित्रावर Reset दाबतात. चित्र सरळ होतं, पण बाण ताणलेल्या जागीच राहतात आणि महाधमनीचा बाण भलतीकडेच टेकतो. चित्र आणि बाण एकत्र ताणले गेले होते, म्हणून ते एकत्रच आवळायला हवेत. आकृती, बाण, नावं सगळं निवडून Ctrl+G ने एक गट करावा. मग Lock aspect ratio ची खूण काढून गटाची रुंदी आत्ताच्या रुंदीच्या ७५ टक्के करावी. १६चे १२ झाले, की आकृती मूळ प्रमाणात येते आणि बाणही आपापल्या जागी बसतात. शेवटी गट स्लाइडच्या मधोमध सरकवावा.

शीर्षकं आणि मजकुराच्या चौकटी सरकल्या असतील, तर त्यांचं मूळ Slide Master मध्ये शोधावं. आधी तिथल्या चौकटी आणि लोगो नीट करावेत, मग स्लाइडवर येऊन Home मधलं Reset दाबावं. मास्टरशी जोडलेल्या चौकटी आपोआप जागेवर येतात. वेगळ्या काढलेल्या टेक्स्ट बॉक्सना मात्र हे लागू पडत नाही, ते हातानेच हलवावे लागतात.

मूळ ४:३ फाइल अजून हाताशी असेल आणि तिच्यात आकृत्याच आकृत्या असतील, तर ती रुंद करण्याची घाई नको. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ती दोन्ही कडांना २४० पिक्सेलची काळी पट्टी सोडून पूर्ण उंचीत दिसते आणि एकही आकृती बिघडत नाही.