आंबा सालीसकट खावा का? कुणाच्या ओठांवर पुरळ का उठते? जाणून घ्या

आंब्याचा हंगाम सुरू झाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आंब्याची साल खाल्ली तर चालते का, हा पहिला. आणि आंबा चोखून खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी ओठ का चुरचुरतात, खाज का सुटते, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे आंब्याच्या चिकात.

साल खाण्याजोगी आहे का?

हो, बहुतेकांसाठी आंब्याची साल खाण्याजोगी आहे. ती विषारी नाही. कैरीचे लोणचे आपण सालीसकटच घालतो आणि वर्षभर खातो. सालीत तंतुमय पदार्थ गरापेक्षा जास्त असतात. पिकलेल्या आंब्याची साल मात्र चिवट आणि किंचित कडू-तुरट लागते, म्हणून ती सहसा टाकून दिली जाते. पण काही मोजक्या लोकांना ही साल नुसती तोंडाला लागली तरी त्रास होतो.

सालीत नेमके काय असते?

आंब्याच्या सालीत चीक वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांचे जाळे असते. झाडावरून आंबा तोडताना देठ मोडला की या नलिकांतला चीक दाबाने बाहेर उडतो आणि नंतर थोडा वेळ पाझरत राहतो. तो फळावर ओघळला तर साल करपल्यासारखी काळी पडते. म्हणूनच कोकणातले बागायतदार हापूस थोडा देठ ठेवून काढतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला'ही फळ देठासकट कापूनच जाळीत घेतो.

या चिकात आणि सालीत रेझॉर्सिनॉल गटातली तेलकट रसायने असतात. झाडाच्या दृष्टीने ती फळाची राखण करतात, कारण ती बुरशी वाढू देत नाहीत. कैरीच्या सालीत त्यांचे प्रमाण जास्त असते आणि फळ पिकत जाईल तसे ते कमी होते. पिकलेल्या आंब्यावर काळे डाग पटकन पडतात, त्यामागचे एक कारण हेच आहे.

बिब्बा, काजू आणि आंबा यांचे नाते काय?

'बिब्बा उतला' हा शब्दप्रयोग अनेक घरांत ऐकलेला असतो. बिब्ब्याचे तेल लागले की कातडी लाल होते आणि फोड येतात. काजूगर सोलताना टरफलातल्या तेलानेही हात असेच उततात. बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडे एकाच वनस्पती कुळातली आहेत आणि तिघांमधली त्रासदायक रसायनेही एकमेकांची भावंडे शोभावीत इतकी सारखी आहेत. बिब्ब्यात आणि काजूच्या टरफलात ती जहाल असतात, तर आंब्याच्या सालीत सौम्य. अमेरिकेत ज्या 'पॉयझन आयव्ही' वेलीला लोक घाबरून असतात, तीही याच कुळातली.

मग पुरळ काहींनाच का उठते?

कारण हे बहुतेक वेळा भाजणे नसते, तर शरीराची ॲलर्जी असते. ही रसायने त्वचेत शिरतात आणि आपल्याच प्रथिनांना चिकटतात. काहींच्या रोगप्रतिकारक पेशी अशा प्रथिनांना परके समजून त्यांची ओळख लक्षात ठेवतात. पहिल्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे पुन्हा संपर्क आला की त्याच पेशी हल्ला चढवतात आणि पुरळ उठते.

याचे एक बोलके उदाहरण इस्रायलमधले आहे. तिथल्या एका उन्हाळी शिबिरात आंबे काढण्याच्या कामावर गेलेल्या 17 अमेरिकी व्यक्तींना पुरळ उठले. त्यांच्यापैकी कुणालाही याआधी आंब्याशी संपर्क आल्याचे आठवत नव्हते. सोबत काम करणाऱ्या इस्रायली साथीदारांना मात्र काहीच झाले नाही. 2005 मध्ये याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे सर्व अमेरिकी एकतर पॉयझन आयव्ही किंवा पॉयझन ओकच्या संपर्कात आलेले होते किंवा या वनस्पती उगवणाऱ्या भागांत राहणारे होते. म्हणजे त्यांच्या शरीराने ओळख आधीच करून ठेवली होती आणि आंब्याच्या चिकालाही तोच शत्रू मानले. इस्रायली लोक लहानपणापासून आंबा खात असल्याने त्यांच्या शरीराला या रसायनांची सवय झाली असावी, असा अंदाज संशोधकांनी मांडला. तो अजून अंदाजच आहे.

आपल्याकडे पॉयझन आयव्ही नाही, पण बिब्बा आणि काजूचे टरफल आहे. ज्यांना त्यांचा त्रास पूर्वी झाला आहे, त्यांनी आंब्याची साल तोंडाला लावताना जपलेले बरे.

ही ॲलर्जी आहे की 'उष्णता'?

आंब्यानंतर तोंडावर काहीही आले की 'उष्णता झाली' असे म्हटले जाते. पण चिकाच्या पुरळाच्या दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे जागा. ओठ, ओठांचे कोपरे, हनुवटी आणि आंबा हाताळलेली बोटे, म्हणजे जिथे रस आणि साल लागली तिथेच ते उठते. दुसरी खूण म्हणजे वेळ. ते लगेच येत नाही, साधारण 12 ते 48 तासांनी येते. त्यामुळे अनेकांना परवाच्या आंब्याची आठवणच राहत नाही. आधी खाज आणि लाली, मग सूज किंवा पाण्याचे बारीक फोड असा क्रम असतो. एक-दोन आठवड्यांत ते सहसा ओसरते.

याउलट आंबा खाल्ल्यावर काही मिनिटांतच घसा खाजू लागला, जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर तो वेगळा आणि धोकादायक प्रकार आहे. तो गरामुळेही होऊ शकतो. अशा वेळी थांबू नका, तातडीने रुग्णालय गाठा.

आंबा कायमचा सोडावा लागतो का?

बहुधा नाही. त्रास देणारी रसायने मुख्यतः चिकात आणि सालीत असतात, त्यामुळे सालीचे पुरळ उठणाऱ्या अनेकांना सोललेला आंबा पचतो. फक्त तो दुसऱ्या कुणाकडून सोलून घ्यावा. देठाकडचा भाग कापून टाकावा, साल जरा जाड काढावी, कारण सालीला लागून असलेल्या गरातही ही रसायने थोडी उतरतात. नंतर सुरी आणि पाट धुऊन मग फोडी कराव्यात आणि त्या काट्याने खाव्यात. कोय चोखू नये.

आंबे पाण्यात भिजवून ठेवण्याची आणि चोखण्याआधी देठाकडचे पहिले थेंब पिळून टाकण्याची घरोघरची पद्धत उपयोगी आहे. त्याने वर वाळलेला आणि देठात साचलेला चीक कमी होतो. मात्र सालीच्या आतला चीक धुतला जात नाही. त्यामुळे ॲलर्जी असलेल्यांनी केवळ भिजवण्यावर विसंबू नये.

चीक लागलाच तर ती जागा साबणाने लगेच धुवावी, नखांखालूनही. पुरळ उठल्यास थंड पाण्याची घडी ठेवावी आणि खाजवू नये. डोळ्यांजवळ सूज आली किंवा पुरळ पसरत गेले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. कारण नक्की कळत नसेल, तर त्वचेवर पट्टी लावून केली जाणारी पॅच टेस्ट ते करू शकतात. त्रास सालीचा आहे की गराचा, हे एकदा कळले की पानातला आमरस नाकारायचा की फक्त साल, हे ठरवता येते.