आधी जाळं, मग परिच्छेद

तिसरीतल्या मुलांना ‘आठवडी बाजार’ या विषयावर लिहायला सांगितलं, की वहीत हमखास येतं: ‘बाजार रविवारी भरतो. बाजारात भाजी असते. बाजारात खेळणी असतात. मला बाजार आवडतो.’ वाक्यं बरोबर आहेत, पण परिच्छेद झालेला नाही. त्यांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही.

म्हणून लिहिण्याआधी जाळं काढायचं. पानाच्या मधोमध विषयाचा गोल, त्यातून निघणाऱ्या रेघा आणि रेघांच्या टोकाला छोटे गोल. त्यांत पूर्ण वाक्यं नकोत, दोन-दोन शब्द पुरेत: ‘विक्रेत्यांच्या आरोळ्या’, ‘माणसांची ढकलाढकली’, ‘भावाची घासाघीस’, ‘आजीची पिशवी’. आता विचारायचं, यातले कुठले तीन गोल एकाच गोष्टीबद्दल बोलतात? पहिले तीन. त्यातूनच मुख्य वाक्य निघतं: ‘रविवारी आमच्या बाजारात नुसता गोंधळ असतो.’ आजीची पिशवी खोडायची. हे खोडणंच मुलांच्या फार जिवावर येतं.

मग तीन गोलांची तीन वाक्यं आणि पाचवं समारोपाचं. तिथे बरीच मुलं पहिलंच वाक्य पुन्हा उतरवतात. ‘घरी आल्यावरही कानात तोच गलका घुमतो’ असं काहीतरी आधी त्यांच्याकडून तोंडी काढून घ्यावं.

परिच्छेद जमला का, हे पाहायला पहिलं वाक्य झाकून बाकीची शेजारच्या मुलाला वाचायला द्या. झाकलेलं वाक्य त्याला साधारणही ओळखता आलं नाही, तर पुन्हा जाळ्याकडे वळा. पाच हा आकडा मात्र सुरुवातीपुरताच. हात बसला की तो सोडून द्यावा.